जनगणनेतील वंशवर्ग : अमेरिकेतील भारतीयांचे उदाहरण

जनगणनेतील वंशवर्ग हे जैविक नसून प्रशासकीय व राजकीय गरजेतून ठरतात, हे अमेरिकेतील भारतीयांच्या नोंदीवरून स्पष्ट होते. तेथे १९२० ते १९४० या काळातील तीन जनगणनांत शीख व मुसलमान भारतीयांचीही नोंद ‘हिंदू’ या वंशाखाली होत असे. १९७० मध्ये मात्र भारतीयांची गणना गौरवर्णीयांत झाली. नागरी हक्क कायद्यांनंतर भेदभावविरोधी उपाययोजना अल्पसंख्याक वंशांच्या आकडेवारीवर आधारल्या जाऊ लागल्या. गौरवर्णीय ठरल्यास त्यांचा लाभ मिळणार नाही, हे ओळखून भारतीय संघटनांनी स्वतंत्र वर्गाची मागणी केली. परिणामी, १९८० च्या प्रपत्रात ‘एशियन इंडियन’ हा पर्याय आला. म्हणूनच या दोन जनगणनांतील आशियाई लोकसंख्येची तुलना करताना स्थलांतराबरोबरच वर्गबदलही विचारात घ्यावा लागतो.