कमावलेली ताकद हंगामात जाते कुठे?

मैदानी खेळाडूच्या वर्षभराच्या ताकदीचं नियोजन आज ज्या चौकटीत होतं, तिची मुळं 1960 च्या दशकातल्या सोव्हिएत क्रीडाशास्त्रात आहेत. लेव मत्वेयेव यांनी वर्षाची तीन भागांत मांडणी केली: तयारीचा काळ, स्पर्धेचा काळ आणि मधला विसाव्याचा काळ. तयारीत व्यायाम भरपूर आणि तीव्रता कमी. स्पर्धा जवळ येईल तसा व्यायाम घटवायचा आणि तीव्रता चढवायची. वर्षात एक-दोन मोठ्या स्पर्धांसाठी शिखर गाठणाऱ्या भारोत्तोलकाला किंवा धावपटूला हे चपखल बसत होतं. फुटबॉलपटूचं शिखर मात्र एका रविवारी येऊन संपत नाही; आठ-नऊ महिने दर आठवड्याला सामना असतो. तरीही संघांनी ही चौकट उचलली आणि तिचा सोपा अर्थ लावला, की ऑफ-सीझनमध्ये जिममध्ये ताकद कमवायची आणि हंगाम सुरू झाला की खेळायचं. त्यामुळे सगळा अभ्यास ‘कमवायचं कसं’ यावर खर्च झाला आणि ‘टिकवायचं कसं’ हा प्रश्न मागे पडला. नंतरच्या चाळीसेक वर्षांत जमलेला पुरावा पाहता माझं मत असं झालं आहे, की हंगामातली घसरण सामन्यांपेक्षा आपल्याच वेळापत्रकामुळे होते, आणि ती रोखायला लागणारा व्यायाम वाटतो त्याहून बराच कमी आहे.

हंगामात वजनं उचलू नयेत, या समजाला शास्त्रीय आधार मिळाल्यासारखं वाटलं ते 1980 मध्ये. अमेरिकेतले संशोधक रॉबर्ट हिक्सन यांनी दहा आठवड्यांच्या प्रयोगात एका गटाला फक्त ताकदीचा, दुसऱ्याला फक्त दमाचा आणि तिसऱ्याला दोन्ही प्रकारचा व्यायाम दिला. दोन्ही करणाऱ्यांची ताकद सुरुवातीला वाढली, पण सात-आठ आठवड्यांनी थांबली आणि मग उतरू लागली. दम आणि ताकद एकत्र नांदत नाहीत, असा निष्कर्ष त्यातून सर्रास काढला गेला. पण त्या गटाचा आठवडा असा होता: पाच दिवस ताकद, सहा दिवस दम. इतका भार कोणताही संघ टाकत नाही. या प्रयोगातून एवढंच म्हणता येतं, की दोन्ही गोष्टी पूर्ण मात्रेत एकाच वेळी वाढवता येत नाहीत. दोहोंपैकी एक नुसती टिकवायची असेल तर काय होतं, हे त्यात तपासलेलंच नव्हतं. 1988 मध्ये ग्रेव्ह्ज आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की आठवड्यातून दोन-तीनदा व्यायाम करून कमावलेली पायाची ताकद पुढचे बारा आठवडे एकाच दिवसाच्या व्यायामावर टिकते, व्यायाम पूर्ण सोडला तर मात्र वाढीचा मोठा हिस्सा निघून जातो. अट एकच होती: दिवस कमी केले, जोर कमी केला नाही.

खऱ्या संघात हे तपासलं गेलं नॉर्वेमध्ये. तिथला हंगाम वसंतापासून शरदापर्यंत चालतो, त्यामुळे हिवाळ्यात सलग तयारीला वेळ मिळतो. बेंट रोन्नेस्टाड आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये व्यावसायिक फुटबॉलपटूंवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. सगळ्यांनी आधी दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, हाफ स्क्वॉट केले. त्यांची ताकद आणि धावण्याचा वेग वाढला. हंगाम सुरू झाल्यावर अर्ध्यांनी आठवड्यातून एकदा, तर उरलेल्यांनी पंधरवड्यातून एकदा तोच व्यायाम जड वजनाने चालू ठेवला. बारा आठवड्यांनी पहिल्या गटाची ताकद आणि 40 मीटरची वेळ जिथल्या तिथे होती; दुसऱ्या गटात दोन्ही घसरली. उभ्या उडीत मात्र दोन्ही गटांत फरक दिसला नाही. माझ्या दृष्टीने हा सर्वांत कामाचा तपशील आहे. मोजायला सोपी म्हणून बरेच संघ उडीच मोजतात, आणि ती ठीक दिसली की ताकदही शाबूत आहे असं धरून चालतात. प्रत्येक गटात सातच खेळाडू होते, हा आक्षेप रास्त आहे. एवढ्यावर नियम ठरत नाही. पण ग्रेव्ह्ज यांचं वेगळ्या लोकांवरचं कामही याच दिशेने बोट दाखवतं, म्हणून मी त्याला वजन देतो.

हे एका खेळाडूच्या आठवड्यात कसं बसतं ते पाहू. समजा, एका विंगरचा हाफ स्क्वॉट 140 किलोचा आहे. तयारीच्या दहा आठवड्यांत तो दहा रेप्स निघतील अशा, म्हणजे साधारण 105 किलोच्या वजनाने सुरुवात करतो, हळूहळू जेमतेम चार रेप्स निघतील अशा वजनापर्यंत येतो आणि त्याची कमाल ताकद 155 पर्यंत जाते. हंगामात त्याने 135 किलोच्या आसपास चार रेप्सचे तीन सेट, आठवड्यातून एकदा करावेत. वॉर्म-अप धरून अर्धा तास पुरतो. रविवारी सामना असेल तर हे बुधवारी, मैदानावरच्या सरावानंतर त्याच दिवशी उरकावं, म्हणजे पुढचे दिवस मोकळे राहतात. बुधवारीही सामना आला तर सेट एकावर आणावा, पण वजन उतरवू नये. नेमकं उलटं सर्रास होतं: ‘सामने आहेत’ म्हणून वजन निम्मं करतात आणि रेप्स वाढवतात. त्याने पाय थकतात आणि ताकदीला काही मिळत नाही. जो राखीव बाकावरून शेवटची पंधरा मिनिटं खेळतो त्याला हा हिशेब लागू नाही. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी तो आणखी एक सत्र करू शकतो, आणि सगळ्यांना एकच तक्ता देणारा प्रशिक्षक त्याची ही संधी घालवतो. ताकद जाते आहे की खेळाडू नुसता थकला आहे, हे ओळखायचं तर ठरलेल्या वजनाची चौथी रेप पाहावी. ती अडली आणि एका हलक्या आठवड्यानंतर परत आली, तर थकवा होता. त्यानंतरही आली नाही आणि 40 मीटरची वेळही वाढली, तर ताकद गेली.

सर्वांत मोठा आक्षेप प्रशिक्षकांचा असतो: जड व्यायामाने पाय दुखतात आणि सामना बिघडतो. दुखणं खरं आहे, पण त्याचं कारण उलटं आहे. स्नायू सरावाचा नसलेल्या भाराने दुखतो. तोच भार नियमित मिळाला की दुखणं झपाट्याने कमी होतं. म्हणजे तीन आठवडे सुटी देऊन चौथ्या आठवड्यात केलेला स्क्वॉटच सामना बिघडवतो. नियमित भाराचा आणखी एक फायदा मांडीच्या मागच्या स्नायूसाठीच्या नॉर्डिक व्यायामात दिसतो. डेन्मार्कमध्ये 50 संघांच्या 942 खेळाडूंवर झालेल्या, 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हंगामाच्या मधल्या विश्रांतीत दहा आठवडे तो हळूहळू वाढवला आणि पुढे आठवड्यातून एकदा चालू ठेवला. व्यायाम करणाऱ्या संघांत या स्नायूच्या 15 दुखापती झाल्या, न करणाऱ्यांत 52. तरीही 2015 मध्ये रोआल्ड बार यांच्या गटाने युरोपातल्या 50 अव्वल क्लबांकडे चौकशी केली, तेव्हा हंगामनिहाय मोजणीत 83 टक्के वेळा तो कार्यक्रम पाळलाच गेला नव्हता.

म्हणून गेल्या सहा दशकांकडे पाहताना मला नवं तंत्र कमी पडल्याचं दिसत नाही. नॉर्वे आणि डेन्मार्कमधल्या दोन्ही पुराव्यांचा आराखडा एकच आहे: तयारीत दहा आठवडे वाढवायचं, मग आठवड्याला एकदा, थोडं पण जड, आणि खंड न पाडता. संघात सराव करणाऱ्या खेळाडूच्या हातात वेळापत्रक नसतं, हे मान्य. पण अर्ध्या तासाचा बुधवार प्रशिक्षकाकडे मागणं ही फार मोठी मागणी नाही, आणि तो बुधवार दर दुसऱ्या आठवड्याला बुडत राहिला तर तयारीत कमावलेलं उणे व्हायला लागेल, हे सांगण्याइतका पुरावा आता त्याच्याकडे आहे.