कुंडीतील ‘आम्रपाली’ची मोहोरगळ: खताआधी कीटकांची वाट तपासा

‘दशहरी’ आणि ‘नीलम’ यांच्या संकरातून नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत विकसित झालेली ‘आम्रपाली’ ही आंब्याची ठेंगणी व दरवर्षी फळणारी जात आहे. त्यामुळे मोठ्या कुंडीसाठी तिची निवड अनेकदा केली जाते. अशा झाडाबाबत विस्तार कार्यकर्त्यांकडे वारंवार येणारी तक्रार म्हणजे मोहोर भरघोस येतो, पण सारा गळून जातो. तक्रार ऐकताच खत सुचवण्यापूर्वी नेमके काय गळत आहे, हे पाहणे आवश्यक ठरते.

गळ कोणत्या अवस्थेतील?

आंब्याच्या मोहोरात नर व उभयलिंगी अशी दोन्ही प्रकारची फुले असतात. नर फुलात बीजांडकोश नसल्याने ते गळणारच. उभयलिंगी फुलांपैकीही थोड्यांचीच फळे टिकतात. एका तुऱ्यावर शेकडो फुले येऊन अखेर एक-दोन फळे राहिली, तरी ते सामान्य समजावे.

फळे वाटाण्याएवढी किंवा गोटीएवढी होतात, तुऱ्याच्या टोकाशी गुच्छाने राहतात, गडद हिरवी दिसतात आणि वाढ थांबून सुमारे महिनाभरात गळतात, तेव्हा मात्र चिंतेचे कारण असते. या विकृतीला ‘झुमका’ म्हणतात. अपुरे परागीभवन हे तिचे प्रमुख कारण आहे. मोहोरावर पांढरी भुकटी दिसल्यास भुरी रोग, तर पानांवर चिकट स्राव दिसल्यास तुडतुडे यांचा संशय घ्यावा.

तीन तुऱ्यांची चाचणी

दिल्लीतील चौथ्या मजल्यावरच्या, डासांची जाळी लावलेल्या सज्जातील एक कुंडी समजा. फेब्रुवारीअखेर फुले उमलण्यापूर्वी एकाच वयाचे तीन तुरे निवडावेत. पहिल्यावर मलमलीची पिशवी बांधावी. दुसरा तसाच ठेवावा. तिसऱ्यावर सकाळी ८ ते १२ दरम्यान, आठवडाभर रोज हाताने परागीभवन करावे. त्यासाठी दुसऱ्या जातीच्या मोहोरातील नुकतेच फुटलेले परागकोश मऊ कुंचल्याने उभयलिंगी फुलांना लावावेत. अशा फुलाच्या मध्यभागी हिरवट-पिवळा गोल बीजांडकोश दिसतो.

तीन-चार आठवड्यांनी पहिल्या दोन तुऱ्यांवर झुमका आणि तिसऱ्यावर वाढणारी फळे दिसली, तर कीटक पोहोचत नाहीत, असा निष्कर्ष निघतो. तिन्ही तुरे फसल्यास थंडी, रोग, पाणी वा पोषण यांकडे वळावे. थंडी लांबल्यास कीटक असूनही झुमका येऊ शकतो.

कीटकांची ये-जा

आंब्याचा पराग चिकट असल्याने वाऱ्यावर भिस्त ठेवता येत नाही. घरमाश्या, निळ्या-हिरव्या माश्या, फुलमाश्या, फुलोरी मधमाश्या व डंखहीन मधमाश्या हे काम करतात. डासांच्या जाळीतून त्या आत येत नाहीत, तर कबुतरांच्या जाळीतून सहज येतात. म्हणून फुलोऱ्याच्या काळात डासांची जाळी काढावी किंवा कुंडी सकाळचे ऊन मिळणाऱ्या उघड्या गच्चीवर न्यावी. शेजारी फुलावर आलेली कोथिंबीर वा बडीशेप असल्यास फुलमाश्या अधिक येतात.

‘दशहरी’, ‘लंगडा’, ‘चौसा’ यांसारख्या जाती स्वतःच्या परागाने फळत नाहीत. म्हणून एकाच जातीची दोन कलमे ठेवण्यापेक्षा, त्याच सुमारास फुलणारी दुसरी जात जवळ असणे हिताचे. फुले उमलल्यापासून फळधारणा होईपर्यंत कीटकनाशक फवारू नये. तुडतुडे असल्यास ५ टक्के निंबोळी अर्काची फवारणी मोहोर फुटताना, फुले उमलण्यापूर्वी, सायंकाळी करावी.

छाटणी व खत

मोहोर पक्व फांदीच्या टोकावर येतो. त्यामुळे फळे काढल्यावर दोन-तीन आठवड्यांत छाटणी उरकावी. उशिरा, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये छाटल्यास कोवळी पालवी येते आणि त्या हंगामातील मोहोर हुकतो. जुने तुऱ्यांचे दांडे, वाळलेल्या व एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढून झाडाचा मध्य मोकळा करावा. त्यामुळे आतील तुऱ्यांपर्यंत ऊन आणि कीटक दोन्ही पोहोचतात.

सुमारे १०० लिटरच्या कुंडीतील तीन-चार वर्षांच्या झाडासाठी, छाटणीनंतर वरची ५ सेंटीमीटर माती काढून तिथे कुजलेले शेणखत भरावे. त्यानंतर १९:१९:१९ हे विद्राव्य खत २५ ग्रॅम, १० लिटर पाण्यातून, दर पंधरा दिवसांनी असे चार वेळा द्यावे. सप्टेंबरनंतर नत्र थांबवावे, अन्यथा मोहोराऐवजी पालवी फुटते. फळे वाटाण्याएवढी झाल्यावर पोटॅशियम नायट्रेट १० ग्रॅम प्रति लिटर फवारावे. फुलोऱ्यात माती एकदा कोरडी पडणे आणि एकदा चिंब होणे टाळावे.

पोटॅशियम नायट्रेटची फवारणी परागीभवन झालेल्या फळांना उपयोगी पडते. झुमक्यातील फळे तिने वाढत नाहीत. त्यामुळे चाचणीत झुमका आढळल्यास खताची मात्रा वाढवू नये. पुढील फुलोऱ्यापूर्वी जाळी व कुंडीची जागा बदलावी आणि तोच तुरा-प्रयोग पुन्हा करून फरक नोंदवावा.