कॉफी आणि रक्तदाब

कॉफी प्यायल्यावर रक्तदाब वाढतो, हे खरे आहे. मात्र रोजच्या कॉफीमुळे उच्च रक्तदाबाचा विकार जडतो, असे आजवरच्या अभ्यासांतून दिसलेले नाही. या दोन गोष्टींची गल्लत झाली की कोणी विनाकारण कॉफी सोडतो, तर कोणी चुकीच्या वेळी रक्तदाब मोजून घाबरतो.

वाढीमागे कॅफिन असते. शरीरात तयार होणारे ॲडिनोसिन हे द्रव्य रक्तवाहिन्या सैल ठेवते. कॅफिन त्याच्या कामात अडथळा आणते, शिवाय ॲड्रिनॅलिनचे प्रमाणही वाढवते. वाहिन्या आवळतात आणि दाब चढतो. उच्च रक्तदाब असलेल्या लोकांवर झालेल्या अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. एका वेळी २०० ते ३०० मिलिग्रॅम कॅफिन घेतल्यावर तासाभरात वरचा आकडा सरासरी ८ने आणि खालचा ६ने वाढला, आणि हा परिणाम तीन तास तरी टिकला. पण दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ नियमित कॉफी पिणाऱ्यांचा दाब कॉफी न पिणाऱ्यांपेक्षा वाढलेला दिसला नाही. शरीराला कॅफिनची सवय होते. ही सवय सर्वांना सारखी होत नाही. बऱ्याच जणांत रोजच्या कपानंतरही थोडी वाढ दिसत राहते.

प्रयोगातली मात्रा घरच्या कपाशी ताडून पाहायला हवी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनुसार १५० मिलिलिटर गाळलेल्या कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम, तर तेवढ्याच इन्स्टंट कॉफीत ५० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन असते. म्हणजे दुधात चमचाभर इन्स्टंट पावडर घातलेला कप प्रयोगातल्या मात्रेच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याइतकाच भरतो. दक्षिणी पद्धतीच्या फिल्टर कॉफीत चिकोरी मिसळलेली असेल तर कॅफिन आणखी घटते, कारण चिकोरीत ते नसतेच. उलट कॅफेतल्या मोठ्या मगात दोन कपांचा ऐवज सहज मावतो. चहातही कॅफिन असते, त्यामुळे दिवसाचा हिशेब करताना तोही धरावा लागतो. या संस्थेने घातलेली मर्यादा दिवसाला ३०० मिलिग्रॅमची आहे.

स्वतःवर कॉफीचा किती परिणाम होतो, हे घरच्या घरी कळू शकते. समजा, एका साठीतल्या गृहस्थांचा दाब गोळ्यांनी आटोक्यात आहे आणि ते सकाळी सातला एक कप कॉफी घेतात. रात्रभर कॅफिन पोटात नसते, म्हणून कप हातात घेण्याआधी पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे शांत बसावे आणि एका मिनिटाच्या अंतराने दोनदा दाब मोजावा. सरासरी १२८/८० आली. मग कॉफी घ्यावी आणि पाऊण तासाने, त्याच हातावर, तसेच बसून पुन्हा मोजावे. १३१/८२ आले, तर तो नेहमीचा चढउतार समजावा. १४०/८७ आले आणि तीन-चार दिवस तसेच येत राहिले, तर त्या शरीराला कॅफिन चढते, असे मानायला आधार मिळतो. कॉफीबरोबर सिगारेट किंवा लगेच चालायला जाणे असेल तर हा पडताळा निरुपयोगी ठरतो, कारण त्या दोन्हींनीही दाब बदलतो. परिणाम दिसला तर कप लहान करावा किंवा कॅफिन काढलेली कॉफी घ्यावी. गोळी मात्र स्वतःहून बदलू नये.

दवाखान्यात जाण्यापूर्वी किमान अर्धा तास कॉफी, चहा, धूम्रपान टाळायला सांगतात. परिणाम याहून जास्त टिकतो, हे लक्षात घेता कॉफी मोजणीनंतरच घेतलेली बरी. आधी प्यायली असेल तर डॉक्टरांना तसे सांगावे, नाहीतर कॉफीने वाढलेल्या आकड्यावर औषध वाढू शकते.

खरी सावधगिरी हवी ती दाब १६०/१०० किंवा त्याहून वर असलेल्यांनी. जपानमध्ये अठरा हजारांहून अधिक लोकांवर सुमारे १९ वर्षे लक्ष ठेवून केलेला अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. एवढा चढा दाब असलेल्यांत दिवसाला दोन किंवा अधिक कप पिणाऱ्यांचा हृदयविकार व पक्षाघाताने मृत्यू होण्याचा धोका कॉफी न पिणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट आढळला. एका कपाने किंवा ग्रीन टीने तो वाढलेला दिसला नाही. अशा निरीक्षणातून कारण सिद्ध होत नाही, तरी दाब आटोक्यात येईपर्यंत अशा रुग्णांनी एका कपावर थांबणे शहाणपणाचे आहे.

रोज तीन-चार कप पिणाऱ्याने कॉफी एकदम बंद केली तर दुसऱ्या दिवसापर्यंत डोके दुखू लागते, सुस्ती येते. पुष्कळांना ते दाब वाढल्याचे लक्षण वाटते. दर दोन-तीन दिवसांनी अर्धा कप कमी करत गेल्यास हा त्रास सहसा होत नाही.