बिल खरं, पैसे खरे, तरी खर्च नामंजूर

‘दोन लाखांपर्यंत रोखीत चालतं,’ हे वाक्य बाजारपेठेत सर्रास ऐकू येतं. दोन लाखांची ती मर्यादा रोख घेणाऱ्यासाठी आहे. धंद्याच्या खर्चापोटी रोख देणाऱ्याची मर्यादा बरीच खाली, म्हणजे एका दिवसात एका व्यक्तीला १०,००० रुपये एवढीच आहे. २०१७ पर्यंत ती २०,००० होती. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पाने निम्म्यावर आणली. १९६१ च्या आयकर कायद्यात हा नियम कलम ४०ए(३) मध्ये होता. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात कलमाचा आकडा बदलला, पण नियम कायम राहिला.

समजा, फरसाण बनवणारी एक भागीदारी फर्म आहे. खोक्यांच्या व्यापाऱ्याकडून तिने ४८,००० रुपयांची खोकी घेतली. व्यापाऱ्याची जीएसटी नोंदणी नाही, त्यामुळे बिलात कर नाही. माल आला त्याच दिवशी फर्मने सगळी रक्कम रोखीने चुकती केली. पक्कं बिल आहे, पावती आहे, खोकी गोदामात आहेत. तरीही आयकराच्या हिशेबात हा खर्च धरला जात नाही. इथे बहुतेकांची गल्लत होते. त्यांना वाटतं, १०,००० सोडून वरचे ३८,००० तेवढे नामंजूर होतील. प्रत्यक्षात मर्यादा ओलांडली की पूर्ण ४८,००० जातात. वर्षाचा नफा वहीप्रमाणे ४ लाख असेल, तर कर ४ लाख ४८ हजारांवर बसतो. फर्मचा दर ३० टक्के आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे ३१.२ टक्के. जादा कर १४,९७६ रुपये.

मग बिलं फोडून घेतली तर? व्यापाऱ्याने ९,६०० ची पाच बिलं दिली आणि पैसे एकाच दिवशी गेले, तर काहीही साधत नाही. कायदा बिलाची रक्कम बघत नाही. एका माणसाला एका दिवसात किती रोख गेली त्याची बेरीज बघतो. उलट बिल एकच, पण पैसे खरोखर पाच वेगवेगळ्या दिवशी ९,६०० प्रमाणे दिले, तर मर्यादा मोडत नाही. मात्र पावत्यांवरच्या तारखा आणि रोजकीर्दीतली शिल्लक एकमेकींशी जुळायला हव्यात. ज्या दिवशी गल्ल्यात ४,००० होते, त्या दिवशी ९,६०० दिल्याची नोंद दिसली, तर ती नंतर बसवलेली आहे हे तपासणाऱ्याच्या लगेच लक्षात येतं. त्यापेक्षा ९,००० रोख आणि उरलेले ३९,००० एनईएफटी किंवा यूपीआयने दिले तर प्रश्नच मिटतो, कारण बेरीज फक्त रोखीची होते. चेक द्यायचा तर तो ‘अकाउंट पेयी’च हवा. बेअरर चेक इथे रोखीतच मोजला जातो.

उधारीत आणखी एक खाच आहे. खोक्यांचं बिल मार्चमध्ये आलं, फर्मने त्या वर्षी खर्च दाखवला आणि पैसे एप्रिलमध्ये रोखीने दिले. खर्च गेल्या वर्षी मिळून गेला म्हणून सुटका होत नाही. पैसे ज्या वर्षी दिले, त्या वर्षी तेच ४८,००० धंद्याचं उत्पन्न समजले जातात.

सवलतीही आहेत. मालवाहतूकदाराला ट्रकचं भाडं देताना मर्यादा ३५,००० आहे. हीच फर्म थेट शेतकऱ्याकडून ६०,००० च्या भुईमुगाच्या शेंगा रोखीने घेत असेल, तर खर्च मान्य होतो, कारण शेतमाल पिकवणाऱ्याला दिलेली रक्कम नियमाने वगळली आहे. त्याच शेंगा पेठेतल्या व्यापाऱ्याकडून घेतल्या तर ही सवलत नाही. म्हणून शेतकऱ्याचं नाव, गाव आणि सही असलेली खरेदीपावती जपून ठेवावी लागते. यंत्रसामग्री घेताना एका दिवसात एका व्यक्तीला दहा हजारांपेक्षा जास्त रोख दिली, तर ती पूर्ण रक्कम किमतीत धरली जात नाही आणि तिच्यावर घसारा मिळत नाही. उलाढालीवर ठरावीक टक्के नफा दाखवून कर भरणाऱ्या छोट्या धंद्याला मात्र याची झळ नाही, कारण तो वेगळा खर्च मागतच नाही.

मर्यादा मोडली आहे का, हे विवरणपत्र भरण्याआधी घरबसल्या बघता येतं. रोख खात्याची वर्षभराची यादी काढायची आणि ती तारीख व नावाप्रमाणे लावायची. बेरीज दहा हजारांवर गेलेली आणि सवलतीत न बसणारी नोंद आपणहून नफ्यात मिळवावी. ज्यांच्या वह्यांचं टॅक्स ऑडिट होतं, त्यांच्या अहवालात अशा नोंदींसाठी रकानाच आहे. त्या सोडून दिल्या आणि पुढे सापडल्या, तर करासोबत व्याजही भरावं लागतं.