उज्जैनी पोहे, एकेका चित्रात

उज्जैनचे वाफेवरचे पोहे सरकत्या चित्रांत मांडायचे, तर पहिल्या चित्रात साहित्य: दोन वाट्या जाडे पोहे, कांदा, मोहरी, बडीशेप, हळद, साखर, शेव, जिरावण. मला सर्वांत मोलाचे वाटते ते दुसरे चित्र. पोहे पाण्यात बुडवून ठेवू नका, चाळणीत धुऊन निथळा. दहा मिनिटांनी पोहा चिमटीत सहज चुरडला, की झाले. ती चिमूट अगदी जवळून दाखवाच. पुढे फोडणीत परतून पोहे उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर ठेवा. गार होताना त्यांतला स्टार्च पुन्हा घट्ट बांधला जातो आणि पोहे कडक होतात. वाफेची ऊब आणि ओल हे कडक होणे लांबवतात. शेवटच्या चित्रात बशी. शेव खातानाच घाला, कारण तीच वाफ शेवेला मऊ करते.