कंपनी कोणाची, निर्णय कोणाचा? ‘पॉयझन पिल’ आणि ‘स्टॅगर्ड बोर्ड’ यांचा भागधारकांना खरेच लाभ होतो का?

एखाद्या कंपनीचा समभाग बाजारात ४४ डॉलरच्या आसपास असताना कोणी त्यासाठी रोख ६० डॉलर देऊ केले, तर तो विकायचा की नाही हे कोणी ठरवावे? समभाग ज्याच्या मालकीचा आहे त्याने, असे उत्तर साहजिकपणे सुचते. अमेरिकेतील कंपनी कायद्याचे, विशेषतः डेलावेअर राज्याचे, उत्तर मात्र वेगळे आहे. तेथे संचालक मंडळ भागधारकांच्या वतीने ‘नाही’ म्हणू शकते आणि भागधारकांची इच्छा असली तरी तो व्यवहार रोखू शकते. हा अधिकार भागधारकांच्या हिताचा आहे की संचालकांच्या खुर्चीचा, या वादाला चार दशके होऊन गेली. त्याचे सर्वांत स्पष्ट चित्र ‘एअरगॅस’ या औद्योगिक वायू विकणाऱ्या कंपनीच्या लढाईत दिसते.

दोन कुलुपे

कंपनीवर संचालक मंडळाच्या संमतीविना ताबा मिळवू पाहणाऱ्याला दोन मार्ग असतात. भागधारकांकडून थेट समभाग विकत घेणे हा पहिला, तर वार्षिक सभेत मतदानाने संचालक बदलून मंडळच आपल्या बाजूचे करणे हा दुसरा. ‘पॉयझन पिल’ पहिला मार्ग बंद करते आणि ‘स्टॅगर्ड बोर्ड’ दुसरा लांबवतो.

‘पॉयझन पिल’ म्हणजे विषाची गोळी. १९८२ मध्ये न्यूयॉर्कचे वकील मार्टिन लिप्टन यांनी ही योजना आखली आणि १९८५ मध्ये डेलावेअरच्या सर्वोच्च न्यायालयाने तिला मान्यता दिली. कोणीही मंडळाच्या संमतीविना ठरावीक मर्यादेपेक्षा, बहुधा १५ टक्क्यांपेक्षा, अधिक समभाग घेतले, तर तो खरेदीदार वगळून इतर सर्व भागधारकांना निम्म्या दरात नवे समभाग घेण्याचा हक्क मिळतो.

सोपा हिशेब पाहू. कंपनीचे १०० समभाग आहेत आणि प्रत्येकाची किंमत १०० डॉलर आहे. खरेदीदाराने १५ समभाग घेतले आणि गोळी फुटली. उरलेल्या ८५ समभागांच्या धारकांनी प्रत्येकी एक नवा समभाग ५० डॉलरला घेतला. आता एकूण समभाग १८५ झाले आणि खरेदीदाराचा वाटा १५ टक्क्यांवरून सुमारे ८ टक्क्यांवर आला. कंपनीचे मूल्य आधीचे १० हजार आणि नव्याने आलेले ४,२५० मिळून १४,२५० डॉलर झाले, म्हणजे प्रत्येक समभागामागे सुमारे ७७ डॉलर. खरेदीदाराचे १,५०० डॉलरचे समभाग १,१५५ डॉलरचे उरले आणि त्याचे नुकसान इतरांच्या खिशात गेले. हे ठाऊक असल्यामुळे सहसा कोणी मर्यादा ओलांडतच नाही. गोळीचे काम तिच्या धाकाने होते.

ही गोळी लागू करण्यासाठी भागधारकांचे मतदान लागत नाही; संचालक मंडळाचा एक ठराव पुरतो. एप्रिल २०२२ मध्ये इलॉन मस्क यांनी देकार दिल्यानंतर ‘ट्विटर’च्या मंडळाने दुसऱ्याच दिवशी १५ टक्क्यांची मर्यादा घातली, ती याच अधिकाराने. मात्र मंडळ जशी गोळी लागू करते, तशी ती मागेही घेऊ शकते. त्यामुळे मंडळच बदलले तर गोळी निरुपयोगी ठरते.

येथे दुसरे कुलूप कामी येते. ‘स्टॅगर्ड बोर्ड’ असलेल्या कंपनीत संचालकांचे तीन गट असतात आणि दर वर्षी एकाच गटाची निवडणूक होते. नऊपैकी तीनच जागा एका वेळी रिक्त होत असल्याने बहुमतासाठी दोन वार्षिक सभा जिंकाव्या लागतात. एवढा काळ आपला देकार आणि त्यासाठीचे कर्ज टिकवून ठेवणे बहुतेक खरेदीदारांना झेपत नाही. लुसियन बेबचक, जॉन कोट्स आणि गुहान सुब्रमणियन या अभ्यासकांनी १९९६ ते २००० या काळातील लढती तपासल्या, तेव्हा परिणामकारक ‘स्टॅगर्ड बोर्ड’ असलेल्या कंपनीवर मतपेटीतून ताबा मिळवल्याचे एकही उदाहरण त्यांना आढळले नाही.

एअरगॅसची लढाई

‘एअरगॅस’ आणि तिच्यावर डोळा असलेली ‘एअर प्रॉडक्ट्स’ या दोन्ही पेनसिल्व्हेनिया राज्यातील कंपन्या. एअरगॅसचे संस्थापक पीटर मॅककॉसलँड यांच्याकडे सुमारे १० टक्के समभाग होते. खासगी बोलणी फिसकटल्यावर फेब्रुवारी २०१० मध्ये एअर प्रॉडक्ट्सने थेट भागधारकांना रोख ६० डॉलरचा देकार दिला. एअरगॅसच्या मंडळाने तो अपुरा ठरवला. देकार जुलैमध्ये ६३.५०, सप्टेंबरमध्ये ६५.५० आणि अखेर डिसेंबरमध्ये ७० डॉलरपर्यंत चढला. हा आपला शेवटचा आकडा असल्याचे एअर प्रॉडक्ट्सने जाहीर केले.

सप्टेंबर २०१० च्या वार्षिक सभेत एअरगॅसच्या भागधारकांनी खरेदीदाराच्या बाजूने कौल दिला. एअर प्रॉडक्ट्सने उभे केलेले तिन्ही उमेदवार निवडून आले आणि खुद्द मॅककॉसलँड यांची जागा गेली. पुढे मंडळाने एक जागा वाढवून त्यांना परत घेतले. पुढची वार्षिक सभा चारच महिन्यांत, जानेवारी २०११ मध्ये घ्यावी, असा नियमही भागधारकांनी संमत केला. तो टिकला असता तर दुसरी निवडणूक लगेच होऊन बहुमत खरेदीदाराकडे गेले असते. परंतु डेलावेअरच्या सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबरमध्ये तो रद्दबातल ठरवला. संचालकांचा तीन वर्षांचा कार्यकाळ असा कापणे म्हणजे त्यांना मुदतीआधी दूर करणे होय आणि त्यासाठी कंपनीच्या घटनेनुसार ६७ टक्के मते हवीत, हे त्यामागचे तत्त्व होते.

त्यानंतर घडले ते अनपेक्षित होते. खरेदीदाराच्या पाठिंब्याने निवडून आलेल्या तीन संचालकांनी स्वतंत्र वकील मागितला. कंपनीचे अंदाज आणि नव्या वित्तीय सल्लागाराचे मत तपासल्यानंतर ७० डॉलर अपुरे आहेत, या निष्कर्षावर तेही इतरांसोबत आले. किंमत किमान ७८ डॉलर हवी, अशी मंडळाची भूमिका होती.

फेब्रुवारी २०११ मध्ये चॅन्सरी न्यायालयाचे न्यायाधीश विल्यम चँडलर यांनी गोळी वैध ठरवली. देकाराची सर्व माहिती भागधारकांपुढे असल्याने गोळीचे काम संपले आहे, असे आपले व्यक्तिगत मत असल्याचे त्यांनी निकालात नमूद केले. पण वरिष्ठ न्यायालयाच्या पूर्वीच्या निर्णयांनी त्यांचे हात बांधलेले होते. त्या वेळी कंपनीचे जवळपास निम्मे समभाग अल्पकाळात नफा कमावून बाहेर पडू पाहणाऱ्या गुंतवणूकदारांकडे होते. ते कमी किमतीतही विकून मोकळे होतील आणि दीर्घकाळ थांबणाऱ्यांचे नुकसान होईल, हा धोका न्यायालयाने ग्राह्य धरला. एअर प्रॉडक्ट्सने देकार मागे घेतला.

पावणेपाच वर्षांनी, नोव्हेंबर २०१५ मध्ये, फ्रान्सच्या ‘एअर लिक्विड’ने एअरगॅससाठी प्रति समभाग १४३ डॉलर रोख देण्याचा करार केला. मंडळाच्या नकाराने समभागाला दुपटीहून अधिक मोल मिळाले. याच काळात अमेरिकेचा ‘एस अँड पी ५००’ निर्देशांक साधारण निम्म्याने वाढला होता. म्हणजे ७० डॉलर घेऊन ते निर्देशांकात गुंतवणाऱ्यापेक्षा थांबलेला भागधारक बराच पुढे राहिला.

एका उदाहरणाची मर्यादा

तरीही यावरून नियम काढणे घाईचे ठरेल. २००८ च्या फेब्रुवारीत ‘मायक्रोसॉफ्ट’ने ‘याहू’साठी प्रति समभाग ३१ डॉलर देऊ केले आणि नंतर ३३ डॉलरची तयारी दाखवली. याहूच्या मंडळाने ३७ डॉलर मागितले. मे महिन्यात मायक्रोसॉफ्टने माघार घेतली आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये याहूचा समभाग १० डॉलरच्या खाली गेला. याहूकडेही गोळी होती. पुढे ‘अलीबाबा’मधील हिश्श्यामुळे याहूचे मूल्य सावरले, पण ज्या व्यवसायासाठी मंडळ अडून बसले होते, तो सावरला नाही.

अभ्यासकांमध्येही एकमत नाही. ‘स्टॅगर्ड बोर्ड’ असलेल्या कंपन्यांचे बाजारमूल्य तुलनेने कमी असते, असे बेबचक आणि अल्मा कोहेन यांना २००५ मध्ये आढळले. मार्टिन क्रेमर्स, लुबोमिर लिटोव्ह आणि सिमोने सेपे यांनी त्याच कंपन्यांचा काळानुसार बदल तपासला, तेव्हा हा निष्कर्ष टिकला नाही. आधीच मूल्य घसरलेल्या कंपन्या अशा तरतुदीचा आसरा घेत असतील, तर कारण आणि परिणाम यांची गल्लत होते.

मग भागधारकाने पाहावे काय? बचावाच्या काळात किंमत वाढली का, हा पहिला प्रश्न. एअरगॅसमध्ये ती ६० वरून ७० झाली. ट्विटरचा करार मात्र मस्क यांच्या पहिल्याच, ५४.२० डॉलरच्या, देकाराला झाला. दुसरा प्रश्न, नकार देणारे संचालक खरोखर स्वतंत्र आहेत का. एअरगॅसमध्ये विरोधी गटातून आलेल्यांनीही तोच निष्कर्ष काढला, हा तेथील सर्वांत बळकट पुरावा होता. तिसरा प्रश्न, भागधारकांना मंडळ बदलण्याची संधी कधी आहे. एका वर्षात संपणारी गोळी वाटाघाटीचे साधन असते. तीच ‘स्टॅगर्ड बोर्ड’सोबत आली, तर भागधारकांचा कौल दोन निवडणुकांपर्यंत लांबतो.

भारतात वेगळी वाट

भारतीय कायद्याने हा प्रश्न उलट्या बाजूने सोडवला आहे. ‘सेबी’च्या २०११ च्या नियमांनुसार २५ टक्क्यांची पायरी ओलांडणाऱ्याला इतर भागधारकांसाठी किमान आणखी २६ टक्क्यांचा खुला प्रस्ताव आणावा लागतो. त्या काळात मंडळाला नवे समभाग देणे किंवा समभागांची पुनर्खरेदी करणे भागधारकांच्या विशेष ठरावाविना शक्य नसते. संचालक आळीपाळीने निवृत्त होत असले तरी २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार त्यांना साध्या बहुमताने मुदतीआधीही दूर करता येते. त्यामुळे अमेरिकी धाटणीची दोन्ही कुलुपे येथे लागत नाहीत.

मार्च २०१९ मध्ये ‘लार्सन अँड टुब्रो’ने ‘माइंडट्री’चे सुमारे २० टक्के समभाग व्ही. जी. सिद्धार्थ यांच्याकडून ९८० रुपये दराने घेण्याचा करार केला आणि त्याच दराने खुला प्रस्ताव मांडला. संस्थापकांचा तीव्र विरोध होता. मंडळाने पुनर्खरेदीचा विचार करून तो सोडून दिला. निर्णय भागधारकांनी समभाग विकून दिला आणि कंपनी लार्सन अँड टुब्रोकडे गेली.

एअरगॅसच्या मंडळाकडे होता तसा थांबण्याचा अधिकार माइंडट्रीच्या मंडळाकडे नव्हता. त्या अधिकारामुळे एअरगॅसच्या भागधारकांना १४३ डॉलर मिळाले. याहूच्या भागधारकांना त्याच प्रकारच्या नकाराची किंमत मोजावी लागली. भारतीय कायद्याने ही जोखीम आणि ही संधी, दोन्ही संचालकांच्या हातून काढून भागधारकाच्या हाती दिली आहेत.