तीन तारांवरून वाहणारा आवाज

प्रोसेसरकडून ध्वनी-रूपांतरक चिपपर्यंत डिजिटल आवाज नेण्यासाठी फिलिप्सने 1986 मध्ये आय-टू-एस ही पद्धत मांडली. तिला मुख्यतः तीन तारा लागतात. एकीवरून आवाजाचे बिट एकामागून एक जातात. दुसरी, बिट क्लॉक, प्रत्येक बिट कधी वाचायचा ते ठोक्याने सांगते. तिसरी वर्ड सिलेक्ट: ती शून्यावर असताना डाव्या कानाचा नमुना येतो, एकवर असताना उजव्याचा.

वर्ड सिलेक्टचे एक आवर्तन म्हणजे दोन्ही कानांचा एकेक नमुना. म्हणून तिची वारंवारता हाच सॅम्पल रेट. सीडीच्या आवाजात ती सेकंदाला 44,100. प्रत्येक नमुना 16 बिटांचा, कान दोन. तेव्हा बिट क्लॉकचे ठोके 44,100 × 2 × 16, म्हणजे सेकंदाला 14,11,200.

खरी गोम एका ठोक्यात आहे. वर्ड सिलेक्ट बदलल्यानंतर नमुन्याचा पहिला, सर्वांत वजनदार बिट एक ठोका उशिरा येतो. चिप हा उशीर न धरणाऱ्या पद्धतीवर लावलेली असेल, तर सगळे बिट एक घर सरकतात, ऋण-धन चिन्ह चुकते आणि गाण्याऐवजी कर्कश खरखर ऐकू येते.

सॅम्पल रेट चुकला तर खरखर होत नाही. 44,100 चे ध्वनिमुद्रण 48,000 ने वाजवले, तर तीन मिनिटांचे गाणे सुमारे 165 सेकंदांत संपते आणि गायकाची पट्टी जवळजवळ दीड स्वरांतराने, म्हणजे दीड अर्धस्वराने, चढते.